केदारने खाल्लेली वडी

मंगळवार, संध्याकाळ. गिरगाव.

ऑफिसातल्या केदारने एकदा माझ्या डब्यातली कोथिंबीर वडी खाऊन "मस्त गं!" म्हटलं. तेव्हापासून मी रोज वड्या नेते. कधी तो हसून घेतो, कधी बघतही नाही. सरळ नको म्हणाला असता तर सुटले असते. पण ते "मस्त" दिवसभर डोक्यात घोळत राहतं.

आज तापामुळे तो आलाच नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं? त्याला माझी आठवण येत असेल का!

घरी सतीशने डबा उघडला, वड्या गरम करून पुढ्यात ठेवल्या. "दुपारी जेवली नाहीस ना? खा आधी." नवऱ्याला मी आवडते का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

खाताना लक्षात आलं. केदारचा ताप उतरला का, हे मी दिवसभरात कुणालाच विचारलं नाही.