पिठाच्या डब्यातलं प्रकरण

अहो,

चिठ्ठी मुद्दाम ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवलीय. भाकरी आज तुम्हालाच थापायची आहे. वरण झाकून ठेवलंय.

काल तुमच्या कादंबरीवरचा सिनेमा पाहून आले. तुमचं सातवं प्रकरणच उडवलंय. पुस्तकात नवरा बायकोच्या नोकरीचं पत्र असंच पिठात दडवतो, ते तिला सापडतं आणि ती घर सोडते. सिनेमात पत्र वाटेतच गहाळ होतं. मंग नवऱ्याचा दोषच उरत न्हाई. ती निघते तेव्हा कॅमेरा त्याच्या रडव्या तोंडावर थांबतो, ती नुसती पाठमोरी. माझ्या मागची बाई म्हणाली, "लईच घमेंडी बायको!"

स्वतःचा गुन्हा अकरा पानं लिहायला छाती लागते. तीस वर्षांत तोंडानं एकदा बोलला न्हाईत, पण लिहिलंत.

आज अंबडच्या वाचनालयात सिनेमावर चर्चा आहे. मी तीच अकरा पानं वाचणार आणि ती बायको मीच, हे सांगणार. जेवून दोनच्या एसटीनं या. नवरा कोण, असं लोक विचारतीलच. तेव्हा हात वर करायला तुम्ही तिथं पाहिजेत.

पुष्पलता