विहिरीचा राजीनामा

जाफराबाद,
बुधवार

तीर्थरूप अप्पामामा यांना,

दैवशालाचा नमस्कार, पायांवर डोकं ठेवून. गुडघा कसा आहे? परतूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा बांधता, की खुंटीला लटकवून ठेवलाय? मामीच्या डोळ्यांतले थेंब वेळेवर पडतात ना? इकडे सगळे सुखरूप आहोत असं लिहिण्याची पद्धत आहे. आज ते खरंही आहे, पण गेल्या शुक्रवारी ते लिहायला माझा हात धजावला नसता.

आपण मोठ्या कष्टानं पाठवलेलं भाषांतर मिळालं. बाबांच्या पेटीतला तो निजामाच्या वेळचा उर्दू कागद (फसली १३५०, म्हणजे इसवी सन १९४०-४१) वाचणारं घरात कुणी नव्हतं. आपण आपल्या वडिलांच्या हाताखाली उर्दू गिरवलेले, म्हणून सगळ्यांना आपलीच आठवण झाली. बाबांची खात्री होती की बांधावरच्या विहिरीत आपला अर्धा वाटा असल्याचा हाच पुरावा. राधेश्याम (बाबांचा चुलत-चुलतभाऊ, दोघांचे आजोबा भाऊ-भाऊ, आणि शेजारचा शेतकरीही) वर्षभर म्हणत होता की विहीर त्याच्या एकट्याची. म्हणून बाबांनी भाषांतर आधी न वाचताच मारुतीच्या पारावर नेलं, पंचवीस माणसं बसवली आणि मला म्हणाले, "वाच, मोठ्यानं."

मी वाचलं. पहिल्या ओळीत आपण लिहिलं होतं, 'मजकुराची विहीर'. लोकांना वाटलं, मजकूर नावाच्या कुणा माणसाची असेल. दुसऱ्या ओळीत, 'दोन्ही फरीक कठड्यासाठी शिकस्त करतील', यावर माना डोलल्या. तिसऱ्या ओळीच्या जागी आपण 'अक्षर लागत नाही' असं लिहिलं होतं. आणि मग शेवट आला : 'येणेप्रमाणे विहिरीचा राजीनामा दिला.' खाली पणजोबांचा अंगठा.

राधेश्याम उठला, धोतर झटकलं आणि एवढंच म्हणाला, "झालं की मंग. तुमच्याच पणजोबानं सोडली हिर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीच्या खोलीला त्याचं कुलूप होतं. आमच्या मोसंबीच्या दोनशे झाडांवर तेव्हा लिंबाएवढी फळं होती आणि ऊन असं की दुपारी कावळासुद्धा बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी पानं कागदासारखी वळली, फळं गळायला लागली. बाबा एकेक उचलून उपरण्यात गोळा करायचे. चौथ्या दिवशी भारतनं (आपला भाचा, लहानपणापासून डोक्यात राख घालून घेणारा) पहार उचलली. "आज मॅटर करून टाकतो," म्हणाला. (इंग्रजांकडे या शब्दाचा अर्थ नुसता विषय किंवा वस्तू. मराठी छापखान्यांत तो मजकूर झाला, आणि पोरांच्या तोंडी त्याचा अर्थ काठी, डोकं आणि पोलीस असा झालाय.) तिकडून राधेश्यामची दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. त्यांतला एक ओरडला, "लई साहस आलं का रे?" मी मराठीची शिक्षिका, त्या अवस्थेतही मला आठवलं, की जुन्या संस्कृत धर्मशास्त्रात साहस म्हणजे जबरदस्तीचा गुन्हा, आणि आपण मात्र त्याला शौर्य म्हणतो. भारत तेव्हा दोन्ही अर्थांच्या मधोमध पहार घेऊन उभा होता.

तेवढ्यात आई (आपली बहीण, मालनबाई, वय वर्षं बाहत्तर) जाऊन मोटारीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून खाली बसली. म्हणाली, "आधी मला बाजूला करा, मंग कुलूप." कुणी केलं नाही. पण कुणी घरीही गेलं नाही.

मी मूळ कागद पिशवीत घातला आणि मिळेल त्या जीपनं निघाले. जुन्या जालन्यात शमीम आपा राहतात, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी कागद खिडकीपाशी धरला आणि आधी अक्षरावरच हसल्या : या घाईच्या लिपीचं नावच शिकस्ता, म्हणजे मोडकी. मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, शिकस्त म्हणजे फारसीत मोडणं, हरणं. कागदात लिहिलंय की कठड्याची मोडतोड दोन्ही फरीकांनी, म्हणजे पक्षांनी, मिळून दुरुस्त करायची. (आपण मराठी माणसांनी मोडेस्तोवर केलेल्या प्रयत्नालाच शिकस्त म्हणायला सुरुवात केली.) मजकूर म्हणजे अरबीत 'ज्याचा उल्लेख झाला तो', म्हणजे वर सांगितलेली विहीर. मजकूर नावाचा कुणी माणूस नव्हताच. आणि राजीनामा?

"राजी म्हणजे खूश, कबूल. नामा म्हणजे लिखाण," आपा म्हणाल्या. "निजामाच्या कचेरीत दोन भांडणारे राजी झाले की त्या कागदाला राजीनामा म्हणत. सोडून देणं असतं तर इस्तीफा लिहिला असता."

आपल्याकडे शब्द वेगळ्या वाटेनं गेला. इंग्रजी मुलखात जमीन सोडणारा कुळवाडी 'मी राजीखुशीनं सोडतो' असा राजीनामा लिहून द्यायचा. पुढे राजीखुशी गळून पडली, सोडणं तेवढं उरलं, आणि ते जमिनीवरून खुर्चीवर गेलं.

आपा स्वतः माझ्याबरोबर आल्या. पोहोचलो तेव्हा आई तशीच बसलेली, ओठ कोरडे, भारतच्या हातात पहार. आपांनी उभ्यानं सगळं वाचलं : वर सांगितलेली विहीर, मोडतोड दोघांची, पाणी चार दिवस एकाचं, चार दिवस दुसऱ्याचं. राधेश्याम ऐकून घ्यायला तयार नव्हता. "मास्तरीणबाई, मंत्री राजीनामा देतो म्हंजे काय राजी होतो का? आम्हाला येड्यात काढता का?" कुऱ्हाडवाला एक पाऊल पुढे आला. भारतही.

तेव्हा मागून सोनूबाई आल्या, राधेश्यामच्या आई. पदराखालून त्यांनी एक कागद काढला आणि आपांच्या हातात दिला. "ह्यो बी वाचा. आमच्या सासऱ्याच्या पेटीत होता." आपांनी पाहिला. तोच मथळा, तीच तारीख, तेच अक्षर. खाली त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे राधेश्यामच्या आजोबांचा अंगठा.

सोनूबाईंनी लेकाकडे पाहिलं. "आमच्या सासऱ्यानं बी सोडली, त्यांच्या माणसानं बी सोडली. मंग इतकी वर्षं हिर काय रानडुकरांची व्हती?"

पहिल्यांदा हसला तो कुऱ्हाडवाला. राधेश्याम हसला नाही. त्यानं एकदा झाडांकडे पाहिलं, मग माझ्या आईजवळ येऊन खाली बसला. "वैनी, उठा. जल्दी उठा, लाईट हाय तवर मोटार चालू करू." आई उठताना त्याच्याच खांद्याला धरून उठली.

चाळीसेक झाडांची फळं गेली. बाकी वाचली. पाळ्या सुरू झाल्या आहेत.

मामींना नमस्कार. आपल्या विद्वत्तेबद्दल माझ्या मनात तोच आदर आहे, फक्त आता जरा घाबरून.

आपली भाची,
दैवशाला

ता. क. शनिवारी नवा कागद करायचा ठरलाय, मराठीत. साक्षीदार म्हणून आपली सही दोन्ही घरांना हवी आहे. राधेश्याम जीप पाठवणार आहे. लिहिणार मी, आपण फक्त सही करावी.

ता. क. दुसरा : हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका. 'भावाचं चुकलं' हे ऐकायला आईची तयारी नव्हती. दिवसभर उन्हात बसून ती एवढंच विचारत होती, "अप्पा असं कसं लिहील?" म्हणून मी सांगितलंय, की अप्पामामांनी बरोबर लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात उतरवून घेताना मीच घोळ घातला. (सगळंच खोटं नाही. आपलं भाषांतर मी आदल्या रात्री चोरून वाचलं होतं, आणि शुद्धलेखनात एकही चूक नाही म्हणून खूश होऊन झोपले होते.) शनिवारी ती आपल्यासमोर मला रागवेल. तेव्हा आपण माझी बाजू घेऊ नका. चहा प्या.