जिन्याचा भावार्थ

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण शाळेत चाचण्यांचे गठ्ठे तपासून मानेचा काटा ढिला झाला होता. आता जरा उसंत आहे.

आधी आईची खुशाली. तब्येत बरी आहे. अण्णा जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांच्या चष्म्याच्या काचा घासायच्या यंत्रावर ती कापड झाकून ठेवते आणि रोज ते झटकते. शिवणाची कामं आता मोजकीच घेते. मी दोन गल्ल्या पलीकडे असल्यामुळे रोज संध्याकाळी चक्कर होते, पण तिसऱ्या मजल्यावर चढून गेल्यावर पहिली पाच मिनिटं माझ्याच तोंडून शब्द फुटत नाही. आई मात्र म्हणते की शिक्षिका गप्प बसलेली बघायला मिळते, हाच त्या जिन्याचा फायदा.

आता खरी बातमी. आईने कविता लिहिली आहे. हसू नकोस. परवा शिवण बाजूला ठेवून तिने मला ती वाचून दाखवली. वाचनालयाचे लोक एक छोटं मासिक काढतात, ते ती छापणार आहेत. पण त्याआधी तू वाचावीस अशी तिची फार इच्छा आहे. शेवट जमलाय की नाही हे धाकटाच सांगेल, असं म्हणाली. मग, उतरवून पाठवू ना?

प्रकृतीला जप. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

आई आणि कविता! वाचून खुर्चीतून पडायचा बाकी होतो. आनंद झाला, हे आधी लिहितो, नाहीतर पुढचं वाचून रागावशील.

इथे कचेरीत मार्चअखेरीची धावपळ चालू आहे. माझं काम तुला माहीत आहे. जाडजूड अहवाल वाचायचे आणि मोठ्या साहेबांसाठी प्रत्येकाचं सार दोन ओळींत लिहायचं. साहेब त्या दोन ओळींवर सही करतात आणि पुढे माणसं कामाला लागतात. सध्या टेबलावर इतके अहवाल आहेत की समोरचा माणूस दिसत नाही. घरी येतो तेव्हा डोळे अक्षर बघायला तयार नसतात.

तेव्हा तूर्त तू मला कवितेचा अर्थ दोन ओळींत कळव. इतकी वर्षं पोरांकडून तेच करून घेते आहेस, तुझ्यापेक्षा चांगलं कोण करणार? कविता सवडीने वाचेनच. आईला नमस्कार सांग.

आशीर्वाद असू द्यावेत.

तुझा धाकटा

२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आळशी तो आळशीच राहिलास. घे तुझ्या दोन ओळी, पैकीच्या पैकी गुण मिळतील अशा:

“जिना चढताना कवयित्रीला धाप लागते व मध्येच थांबावे लागते. अशा वेळी दिवंगत पतीची आठवण येऊन तिला आपले एकटेपण जाणवते.”

कसं करतात तेही ऐक, तुझ्या साहेबांना उपयोगी पडेल. उदाहरणं गाळायची. एकच ओळ पुन्हा आली तर एकदाच धरायची. “मी” आणि “तू” काढून तिथे माणसाचं नातं लिहायचं. कारण आधी, परिणाम मागून. आणि शेवटी भावना कोणती ते नाव घेऊन सांगायचं, नाहीतर परीक्षक गुण कापतो. आईची कविता या चाळणीतून अगदी सहज खाली उतरली.

आईने विचारलं, धाकट्याला पाठवलीस का? मी हो म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही, मीही खोलात शिरले नाही.

पत्र लवकर धाड. आठवण काढत असते, हे वेगळं लिहायला नको.

तुझी ताई

६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला झोप लागली नाही. आईला धाप लागते, ती मध्येच थांबते, तिला एकटं वाटतं, आणि हे सांगायला तिला कविता लिहावी लागली! आपण दोघं काय करत होतो?

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. आमच्या शेजारी तळमजल्यावर एक खोली रिकामी झाली होती, ती ठरवून टाकली. एकही पायरी नाही, पुढे थोडं अंगण आहे आणि भिंतीपलीकडे आम्ही आहोत. आईच्या तिथल्या भाड्याच्या खोल्या अण्णांनंतर माझ्याच नावावर आहेत, म्हणून या महिनाअखेर त्या सोडत असल्याचं घरमालकाला कळवलंही. सामानाला माणसं पाठवतो. आईला वेगळं पत्र टाकलं आहे. तिला लिहिलं की तुझ्या कवितेतलं सगळं मला कळलं, आता काळजी करू नकोस.

तू एकटी पडशील हे कळतं, पण आईच्या जिवापुढे आपलं काय ते. राग मानू नये.

तुझा धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

राग तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे.

तुझं पत्र आईला मिळालं त्याच दिवशी घरमालक कुणा जोडप्याला घेऊन आला. ती बाई खिडक्यांची मापं घेत होती आणि आई तिला फूटपट्टी धरून मदत करत होती. मी पोचले तेव्हा हे चाललं होतं. ती माणसं गेल्यावर मी आईला विचारलं, तुला जायचं आहे का? ती म्हणाली की धाकट्याने कविता वाचून हे ठरवलं, म्हणजे कवितेत तेच लिहिलं गेलं असणार. आपल्याला सांगायचं होतं एक आणि उमटलं दुसरं, शिवणातही असं होतं, कापड उलटं बेतलं जातं. मग ती वाचनालयात गेली आणि कविता परत घेऊन आली. छापू नका म्हणाली.

तेव्हापासून ती भांडी कागदात गुंडाळते आहे. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिला अजून सांगितलेलं नाही की तू कविता वाचलेलीच नाहीस. धीर होत नाही. खाली अख्खी कविता उतरवून देते आहे. आता तू काय करायचं ते कर, पण आधी वाच.

*जिना*

*किती वर्षं सांगते आहे,*
*हा जिना फार उभा आहे.*

*मधल्या वळणावर थांबायचास.*
*पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचास.*
*पिशवीत काय, तर एक पाव आणि चार लिंबं.*
*धाप मला लागलेली,*
*थांबायचास तू.*

*हा जिना फार उभा आहे.*

*आता मी वळणावर थांबते.*
*धाप लागो न लागो, थांबते.*
*शेजारीण विचारते, बरं नाही का?*
*मी पिशवी या हातातून त्या हातात घेते.*

*फार उभा आहे हा जिना,*
*म्हणून तर मध्ये थांबता येतं.*

याहून जास्त लिहवत नाही.

ताई

२१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

कविता कचेरीत उघडली. वाचली आणि जेवणाच्या सुट्टीनंतरही तिथेच बसून राहिलो.

मग तुझ्या दोन ओळी शेजारी ठेवल्या. मला चूक शोधायची होती, म्हणजे दोष तरी कुणाला देता आला असता. पण तू तुझ्या नियमांनी चोख काम केलं आहेस, मीही रोज तसंच करतो. तरी बघ काय काय गेलं. लिंबं उदाहरण म्हणून गेली. पण पिशवी हलकी होती हे कळलं नाही, तर अण्णा आईला दम खाता यावा म्हणून जड झाल्याचं सोंग करत होते हे कुठून कळणार? आईने ते सांगितलेलं नाही, नुसत्या ओळी शेजारी ठेवल्या आहेत. जिन्याची ओळ तू एकदाच धरलीस. ती पहिल्यांदा तक्रार आहे, दुसऱ्यांदा तिचा सूर उतरलेला आहे आणि तिसऱ्यांदा ती जिन्याचे आभार मानते आहे. “थांबता येतं” असं तिने लिहिलं, आपण त्याचं “थांबावे लागते” केलं. “धाप लागो न लागो” तर आपण पार पुसून टाकलं, आणि मी नेमकी धापेवर खोली घेऊन बसलो. “आठवण” आणि “एकटेपण” हे शब्द कवितेत शोधून सापडले नाहीत. ते आपण घातले.

आणि ताई, ते “तू”. जन्मभर तिने अण्णांना “अहो”च म्हटलं. इथे ते गेल्यावर पहिल्यांदा ती त्यांना अरे-तुरे करते आहे. त्या जागी आपण “दिवंगत पती” लिहिलं.

मी दोन ओळींत पुन्हा लिहून पाहिलं. पाच झाल्या, मग नऊ झाल्या, आणि मग लक्षात आलं की मी आईचीच कविता वाईट अक्षरात आणि वाईट शब्दांत लिहितो आहे. कागद फाडून टाकला.

तळमजल्याची खोली सोडली. घरमालकाला हातापाया पडून पत्र लिहिलं आहे, तो ऐकेल की नाही ठाऊक नाही. आईलाही लिहिलं आहे, लांबलचक, आणि मी न वाचताच कळल्याचं लिहिलं होतं हेही त्यात आहे. ते पत्र तिच्या हातात दे.

तुझ्यावर राग नाही. धीर सोडू नये.

तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास, आईचे अनेक आशीर्वाद.

फार दिवसांनी पत्र लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे. समजून घे.

घरमालक येऊन गेला. त्या जोडप्याला त्याने शब्द दिला होता, पण वर्षअखेरीपर्यंत थांबायला ती माणसं तयार झाली. खिडकीची मापं घेणारी ती बाई स्वभावाने चांगली आहे. तेव्हा डिसेंबरपर्यंत मी इथेच. पुढे तुझ्याकडे येईन. गुडघे आता ऐकत नाहीत आणि धापही खरी आहे, ताईने लिहिलं ते काही अगदी खोटं नव्हतं. नवी खोली बघशील ती तळमजल्यावरचीच बघ. पण ते मी तुला सरळ पत्रात सांगितलं असतं रे. कविता म्हणजे अर्ज नव्हे.

भांडी पुन्हा फडताळात लावली. कविता मासिकाला परत दिली. तू शेवटाबद्दल काहीच लिहिलं नाहीस, फक्त तो तीनदा वाचलास असं लिहिलंस. मी समजले.

ताईला रागावू नकोस. तिनेच रडत रडत सगळं सांगितलं. मी तिला म्हटलं, पोरांना शिकवतेस ते शिकव, त्याशिवाय पास कशी होतील? फक्त आधी कविता त्यांना मोठ्याने वाचून दाखवत जा.

तुझं पत्र तिनेच आणून दिलं. सात पानं होती. माझे डोळे दुखतात म्हणून ती म्हणाली की मी वाचते आणि त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. मी म्हटलं, नको, माझा चष्मा दे.

सुनेला आणि नातवंडांना आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे, तो इथूनच.

आई