चौथी ओळ

९ जानेवारी, मोहाली

आज पुन्हा ‘दा रा दम, दा रा दा’. दोन तास!

संगीतकार लव्हली पाजींनी मुलींच्या क्रिकेट स्पर्धेसाठी चाल बांधलीय. शब्द अजून नाहीत, म्हणून मी नुसतेच बोल गाते. नंतर शब्द आले की तेही मीच गाणार — कच्चं. त्यावर ढोल, टाळ्या, कोरस सगळं उभं राहणार. मग मुंबईहून मोठी गायिका येणार, माझ्या जागी गाणार आणि माझा ट्रॅक पुसला जाणार. सहा वर्षं हेच चाललंय. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण सांगू कुणाला?

गाण्यात लहान गावातली पोरगी आहे. पाजी म्हणाले, “एकेक वीट चढवायची. पहिल्या फेरीत एकच ओळ, नुसत्या टाळीवर. दुसऱ्या फेरीत दोन, तिसरीत तीन. शेवटी चारही एका दमात, आणि मग अख्खं मैदान ओरडलं पाहिजे!”

गीतकार बिक्करजी दाढी खाजवत बसलेले. काही सुचेना. मला विचारलं, “तू मलोटची ना गं? तिकडं पोरी खेळतात का?”

“एक खेळायची.”

“तूच की काय?”

मी हसले. नाही म्हणाले नाही.

११ जानेवारी

पहिली ओळ पक्की — ‘कपड्याच्या थापीनं मारला पहिला चेंडू.’

थापी रूपीची. माझ्या धाकट्या बहिणीची. आई, म्हणजे बीजी, कपडे धूत असायची आणि ही तिच्या हातातून थापी ओढून पळायची. मी क्रिकेट खेळणं सोडाच, चेंडू आला की डोळे मिटायची. बिक्करजींना वाटतंय सगळं माझंच. उद्या सांगते.

१२ जानेवारी

सांगितलं नाही.

१५ जानेवारी

दाट धुकं. स्टुडिओत हीटर बंद, घसा बसलेला. तरी दोन ओळी झाल्या.

दुसरी — ‘फाटक्या रजईचे शिवले ग्लोव्ह.’ तेही खरं. बीजीनंच शिवले होते, पापाजींच्या नकळत. तिसरी — ‘पोरं हटली मागं, ती स्टंपांना चिकटून उभी.’ धान्याच्या मंडीत खेळणाऱ्या पोरांना कीपर मिळत नसे. वेगवान चेंडूलाही रूपी मागं सरायची नाही. मधलं बोट अजून वाकडं आहे तिचं.

चौथीच्या आधी धृपद हवं होतं. पाजी म्हणाले, “शेवटचा सूर लांबवायचाय. ‘आ’वर संपव रे बाबा, ‘ई’वर हजार माणसांचे गळे आवळले जातात.” बिक्करजींनी वहीची चार पानं फाडली. मी न राहवून म्हटलं, “ती मागं उभी राहून ओरडायची — येऊ दे, येऊ दे, येऊ दे ना!”

पाजींनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला.

माझ्याच तोंडानं दिलं मी. आता परत कसं मागू?

१६ जानेवारी

बिक्करजींचा प्रश्न आज आलाच. “पुढं काय झालं? पोरगी क्रिकेटच्या कॅम्पला गेली ना?”

“गेली,” मी म्हणाले.

“कशी?”

“बसनं.”

त्यांनी लगेच लिहिलं — ‘बस सुटली, खिडकीत हसरा चेहरा.’ पाजींनी त्यांना मिठी मारली. चारही ओळी एका दमात गाऊन घेतल्या माझ्याकडून. तिसरीच्या शेवटी श्वास चोरावा लागतो, नाहीतर ‘चेहरा’पर्यंत पोचत नाही. अकराव्या खेपेला जमलं.

इथं तरी खरं लिहिते. पतियाळ्याच्या कॅम्पचं रूपीचं पत्र आणि चंडीगढच्या संगीत कॉलेजातला माझा प्रवेश एकाच आठवड्यात आला. पापाजी चुलीपाशी बसून म्हणाले, “एकच जाईल. दोन-दोन पोरी बाहेर ठेवल्या तर गावात तोंड कुठं दाखवू? तुमचं तुम्ही ठरवा.” रूपीनं माझ्याकडं पाहिलं. ती सोळाची, मी एकोणीसची. मी वर्षभर थांबू शकले असते. गाणं कुठं पळून जात होतं? तिला मात्र त्या वयोगटात ते शेवटचं वर्ष होतं. एवढं म्हणायचं होतं — हिला जाऊ द्या.

माझ्या हातात पिन्नीचा लाडू होता. मी तो खात राहिले.

बसस्टँडवर माझी सामानाची पेटी रूपीनं डोक्यावर घेतली. खिडकीत मी होते आणि रडत होते. हसत होती ती. खाली उभी राहून.

२४ जानेवारी

पाजींना म्हटलं, चौथी ओळ बदला. कारण विचारलं तर म्हटलं, असंच.

“अगं, व्हिडिओत बस घेऊन झालीय! आता पोरीला खाली उतरवू का?” सगळे हसले. मीही हसले. लाज वाटली.

३० जानेवारी

मोठी गायिका येऊन गेली. बाई चांगली आहे, मला शेजारी बसवून श्वासाच्या जागा विचारून घेतल्या. तिच्यासाठी पट्टी काळी चारवरून काळी तीनवर आणली. तासाभरात काम फत्ते. माझं काहीच उरलं नाही त्यात. आणि एका परीनं सगळंच माझं — खोटंसुद्धा.

घरी येऊन माझा कच्चा ट्रॅक रूपीला पाठवला. आधी कळलंच नाही की मागची तालाची टक्-टक् तशीच राहिलीय. बरोबर काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार? निळ्या खुणा आल्या. ऐकलं तिनं.

६ फेब्रुवारी

उत्तर नाही.

७ फेब्रुवारी

नाही.

१५ फेब्रुवारी

बीजीला फोन केला. “रूपी कशी आहे?”

“असते नवऱ्याच्या खताच्या दुकानात. संध्याकाळी कुठं जाते, विचारलं तर हसते. तूच विचार की तिला!”

मी कुठल्या तोंडानं विचारू?

२६ फेब्रुवारी

स्पर्धा सुरू झाली. टीव्हीवर पाहिलं. पहिल्या फेरीला टाळ्या, दुसरीला ढोल, आणि शेवटी खरंच अख्खं मैदान — “येऊ दे ना!” पडद्यावर व्हिडिओतली नटी, बसच्या खिडकीत, हसतेय. मी आवाज बंद केला. मग पुन्हा चालू केला.

२ मार्च

रूपीचा फोन आला.

“दीदी, खिडकीत तू होतीस.”

“हो.”

“मग ठीक. तुला आठवतंय ना, एवढंच बघायचं होतं.” पाठीमागं पोरींचा कालवा. अकरा पोरींना खेळायला शिकवते म्हणे, दोन वर्षं झाली, दाणा मंडीच्या मागं. मला पत्ताच नाही! “त्यांना तुझंच गाणं लावते. त्या बाईचं नाही. तुझ्यात ती टक्-टक् आहे ना, तिच्यावर धावायला बरं पडतं.”

मग ती म्हणाली, “ऐक. माझ्या कीपरला पतियाळ्याचं पत्र आलंय. घरचे म्हणतात, दोघी बहिणींपैकी एकच बाहेर जाईल. मोठी बहीण गप्प बसलीय. माझं ऐकत नाही. तू येतेस का तिच्याशी बोलायला?”

उद्या सकाळी सहाची मलोटची बस आहे.