जुबेदाला पाठवायची चिठ्ठी

चाकण, शुक्रवार, १९५६. संध्याकाळ.

जुबेदाचे अब्बा काल गेले. चिठ्ठीत आधी 'कैलासवासी' लिहिलं अन् खोडलं. अब्बा कशाला जातील कैलासाला? मग लिहिलं, 'अल्ला त्यांना जन्नत देवो, तुम्हाला सबर देवो. मी आहे.' एवढं पुरे ना?

त्यांनीच ईदला दिलेलं अत्तर कागदाला लावत होते, तर आई म्हणाली, "अगं, त्यांच्यात दुखवट्यात बायका अत्तर लावत न्हाईत. चूल बंद असंल त्यांची, भाकऱ्या घिऊन जा."

खरंच की! तिची आजी गेली तेव्हा जुबेदानंच हे सांगितलं होतं. कागद बदलला, बाटलीला बूच लावलं, हात दोनदा धुतले. तरी भाकरी थापताना बोटांतून अत्तर दरवळत राहिलं, जणू अब्बा दारातून विचारताहेत, "बेटी, जेवलीस का गं?"