पाकिटाची गोष्ट आणि काकीचा झाडू

बाबा, आज वर्गात मी स्वतः लिहिलेली गोष्ट वाचून दाखवली. हसू नका. तालुक्याच्या शिक्षकांनी मिळून पोरांसाठी एक पुस्तक काढायचं ठरवलंय आणि प्रत्येकाने एक गोष्ट द्यायची आहे. माझ्या गोष्टीत एका मुलाला वाटेत पाकीट सापडतं. तो थोडा वेळ विचार करतो, मग धावत जाऊन ज्याचं त्याला देतो. मालक त्याची पाठ थोपटतो, संपली गोष्ट. एका पानात बसली, शुद्धलेखनही नीट होतं. वाचून झाल्यावर सवयीने विचारलं, काय शिकलात? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, प्रामाणिकपणा. फक्त खिडकीजवळची एक मुलगी उठून उभी राहिली. चौथीतली आहे, एरवी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "सर, आणि तेना दोन-तीन दिस ठेवल्यान आणि मगे दिल्यान, तर चलता?"

मी तिला काहीतरी सांगितलं. काय ते मागाहून सांगतो. पण शाळा सुटल्यापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तिने नकळत माझी चोरी पकडली, असं वाटलं. कारण गोष्टीतल्या त्या गुणी बाळाला मी कुठे पाहिलं होतं? पाकीट सापडलेला एकच मुलगा माझ्या ओळखीचा, आणि त्याने ते पाच दिवस ठेवलं होतं. तुम्हाला त्यातलं बरंचसं ठाऊक आहे. सगळं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

त्या वर्षी देवळाच्या मंडपाचं छप्पर नवीन करायला घेतलं होतं. पलीकडच्या गावचा सुतार रोज व्हाळाचं पाणी ओलांडून यायचा. मी पाचवीत होतो. गुरुवारी शाळेतून येताना व्हाळातल्या दगडांवरून उड्या मारतोय, आणि शेवटच्या दगडापाशी, पाण्याच्या कडेला, ते पाकीट पडलेलं दिसतं. तपकिरी, कोपरे झिजलेले. तोंड धुवायला वाकला असणार माणूस, तेव्हाच खिशातून घसरलं असणार. पण हे मी मागाहून जुळवलं. त्या क्षणी मी फक्त इकडेतिकडे बघितलं. सांगू का, बाबा, तिथेच माझी गोष्ट खोटी ठरते. पाकीट उचलण्याआधी मी कुणी बघतंय का ते बघितलं होतं.

आत थोड्या नोटा होत्या, देवीचा छोटा फोटो होता, आणि एक घडी घातलेला कागद. नाव-पत्ता कुठेच नव्हता. कागदावर वाशांची आणि रिपांची मापं लिहिलेली होती आणि घडीत लाकडाचा भुसा अडकला होता. म्हणजे कुणाचं ते कळायला मला एवढासा वेळही लागला नाही. देऊळ हाकेच्या अंतरावर. ठोकण्याचा आवाज येत होता. तरी मी घरी गेलो. चोरायचं असं मनात नव्हतं, हे अगदी खरं सांगतो. नुसतं थोडा वेळ आपल्याजवळ ठेवावं, उघडावं, मिटावं, मोठ्या माणसासारखं मागच्या खिशात घालून अंगणात दोन फेऱ्या माराव्यात, इतकंच होतं. उद्या देऊ म्हटलं. माळ्यावर नारळाच्या ढिगामागे ठेवलं.

शुक्रवारी सकाळी द्यायला निघालो तर पहिलाच प्रश्न मनात आला की काल का नाही दिलंस म्हणून विचारलं तर? बाबा, पोरांना आम्ही विचारतो की ठेवशील का देशील? जसा काही तो एकदाच पडणारा प्रश्न आहे. तो रोज पडतो, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा कठीण होऊन पडतो. शुक्रवारी नाही जमलं म्हणून शनिवारी जास्त भीती वाटली. आणि शनिवारी मी आणखी शहाणपणा केला. त्यातली एक नोट काढून दुकानात खाजा घेतला. दुकानदाराने विचारलं, कोणी दिल्यान रे? मी म्हटलं, बाबांनी. तुमचं नाव सांगितलं की गावात पुढे कुणी काही विचारत नसे. खाजा शाळेच्या मागे उभं राहून एकट्याने खाल्ला. आल्याचा तो तिखटगोड वास आजही आला की मला बरं वाटत नाही.

एव्हाना सुताराने गावभर केलं होतं. काम करताना तो सदरा काढून देवळाच्या खांबाच्या खुंटीला अडकवायचा. गुरुवारी त्या मंडपात दुसरं कोण गेलं होतं? देवळाची झाडलोट करणारी काकी. बस, तेवढं पुरलं. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पण विहिरीवर बायका तिला पाहून गप्प व्हायला लागल्या. आई घरात म्हणाली, काकी असां करूची नाय. मी भात कालवत बसलो.

सोमवारी सुताराने नारळ आणला. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराकडे, म्हणून तो तुमच्याकडे आला. म्हणाला, "जेणी घेतल्यान तेचे हात झडांदेत, असां घाला." तुम्ही नारळ हातात घेतलात आणि म्हणालात, "माका तसां घालूक येणा नाय." मंडपात वीसेक माणसं होती. काकी खांबाशी उभी, पदर घट्ट धरून, आणि मी तिच्या बाजूला, कारण लहानपणापासून माझी जागा तीच. तुम्ही आम्हां सगळ्यांकडे पाठ करून देवाकडे तोंड केलंत.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या कामाक इलेल्या माणसाचा पाकीट हरवला. जेच्या हाताक गावला आसात, तेका बुद्धी दी म्हाराजा!"

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मी नाही म्हणालो. म्हणायचं होतं, तोंडही उघडलं, पण आवाज निघाला नाही. एरवी माझाच आवाज सगळ्यांच्या आधी यायचा, अर्धा शब्द पुढे. त्यावरून तुम्ही कितीदा रागावला होतात. तुम्ही थांबलात. मागे वळून पाहिलं नाहीत. तेच वाक्य पुन्हा, सावकाश, म्हटलंत. पुन्हा वीस आवाज आले आणि माझा आला नाही. मग तुम्ही पुढे म्हणालात, "आणि जेच्यार नाय तो आळ इलो, तो दूर कर म्हाराजा!" तेव्हा काकी जोरात म्हणाली, व्हय म्हाराजा, आणि तिचा आवाज फाटला.

घरी आल्यावर पायरीवर पाय धुता धुता एवढंच विचारलंत, "खंय ठेवलंस?" मी म्हटलं, माळ्यार. मारणार असं वाटलं होतं. मारलं असतंत तर फार सोपं झालं असतं. "उद्या नेऊन दी. मी येवचंय नाय. मी इलंय तर ता मी दिल्यासारखा होतला," म्हणालात, आणि आत गेलात.

मंगळवारी मी गेलो. पण कसा? सुतार वर वाशांवर होता. त्याची हत्याराची पिशवी खाली खांबाला टेकवलेली. मी पाकीट तिच्यात सारलं आणि पळालो. सुटलो, असं वाटलं. केवढा मूर्ख! गाऱ्हाणं पडलं आणि दुसऱ्या दिवशी पाकीट परत आलं, याचा अर्थ आपल्या गावात काय होणार हे एखाद्या परक्यालाही कळलं असतं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच बोलणं, देव पावलो, काकी भियाली आणि गुपचूप आणून ठेवल्यान. आतापर्यंत नुसता संशय होता, तो मी पक्का करून दिला. बुधवारी देऊळ झाडायला काकी आली नाही.

बुधवारी दुपारी तुम्ही काजूच्या बागेतून आलात आणि मला हाक मारलीत. आवाज चढवला नव्हतात. "पाकीट दिलंस," म्हणालात. "काकीचा गेला ता कोण देतलो?"

मी काकीच्या दारात गेलो तेव्हा ती नुसतीच बसली होती. हातात काही काम नाही, असं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. रडत सगळं सांगितलं, खाजासुद्धा. ती म्हणाली, "माका म्हायती होता. तुझो आवाज इलो नाय." मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? यावर ती जे बोलली ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, आज सांगतो. "तुझ्या बापाशीकडे मान. मी सांगून कोणाक खरा वाटला असता?" मग उठली, म्हणाली, माका सांगून काय उपेग, जेंनी ऐकला तेंका सांग. आणि माझ्यासोबत देवळापर्यंत आली. येताना झाडू घेऊन आली.

मंडपात खाली उभा राहून, मान वर करून, मी त्या सुताराला ओरडून सांगितलं, कारण तो ठोकत होता आणि पहिल्यांदा त्याला ऐकूच गेलं नाही. दोनदा सांगावं लागलं. चार माणसं होती, त्यांनी ऐकलं, गावाला तेवढी पुरतात. तो उतरला. माझ्याकडे बघितलंही नाही. काकीपुढे जाऊन उभा राहिला, आणि जमिनीवर पडलेला लाकडाचा भुसा स्वतःच हाताने गोळा करायला लागला. काकी म्हणाली, ऱ्हवांदे, माझा काम आसा ता. आणि झाडायला लागली. ती नोट तुम्ही मागाहून त्याला दिलीत, हे मला आईकडून कळलं.

आता तुम्ही नाही, काकी नाही. गाऱ्हाण्याचा मान माझ्याकडे येतो, आणि दरवर्षी मी शाळेचं कारण सांगून चुलतभावाला पुढे करतो. लोकांना वाटतं मास्तर शिकले, आता त्यांना हे नको. तसं नाही, बाबा. देवाकडे तोंड करून उभं राहायचं आणि पाठीमागच्या वीस आवाजांत कुणाचा एक आला नाही ते ओळखायचं, हे मला जमणार नाही याची भीती वाटते.

आज संध्याकाळी ती गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. आता ती एका पानात मावत नाही. त्यात पाच दिवस आले, खाजा आला, काकी आली. पुस्तकवाले घेतील की नाही कोण जाणे. ती मी उद्या आधी वर्गात वाचणार आहे, खिडकीकडे बघत.

कारण त्या मुलीला मी काय सांगितलं ते अजून सांगायचं राहिलंय. दोन-तीन दिवस ठेवून मग दिलं तर चालतं का, असं तिने विचारलं. तिचा आवाज कापत होता, हे मला आता, हे लिहिताना आठवतंय. ती माझ्यासमोर तोंड करून उभी होती, बाबा. मी घड्याळात बघितलं आणि म्हटलं, "खाली बस."