पेन्सिलीने लिहिलेलं पत्र

मंगळवार, संध्याकाळ. माधव नगर.

"भाभीजी, फौज की चिट्ठी," म्हणत पोस्टमनने ह्यांचं पत्र दिलं. अख्खं पेन्सिलीने. साधं पेनही मिळू नये? आधी हेच मनात आलं.

‘प्रिय सौ. मेधास, चौकीवर पेनातली शाई गोठते, म्हणून पेन्सिल. फोनच्या वेळी मागे चौघे उभे असतात, त्यांच्यासमोर मनातलं बोलवत नाही. म्हणून इथे लिहितो. सुट्टीत टावर चौकात खिचडी खाऊन तू माझ्या रुमालाला हात पुसलेस. तो रुमाल मी अजून धुतलेला नाही. रसदीचं हेलिकॉप्टर परतताना हे पत्र नेईल. हवा बिघडली तर थांबेल.’

थांबलंच असणार. रविवारपर्यंत पोचलंच नाही. त्या दिवशी ह्यांचा फोन आला, "जेवलीस का?" एवढंच विचारलं, आणि मी म्हटलं, "दोन शब्द प्रेमाचे बोलायला तुम्हाला परवानगी लागते का?" पत्र तेव्हा वाटेत होतं.

इथून ह्यांना चौकीवर फोन लावता येत नाही. उत्तर लिहिलंय, मीही पेन्सिलीनेच. पाकिटावर गाव नाही. ह्यांचा नंबर, नाव, पलटण आणि फौजी पोस्टाचा आकडा. तेही हेलिकॉप्टरसाठी थांबेल. तोवर त्या थंडीत ह्यांच्यापाशी माझं रविवारचंच वाक्य.